कूलरचा साठा: वर्षभर सारखं बनवायचं की मागणीमागे धावायचं?

प्रश्न: नागपूरजवळ एमआयडीसीत आमचा कूलरचा कारखाना आहे. वर्षाला साधारण ४८,००० कूलर जातात. एप्रिलमध्ये १२,०००, जुलैमध्ये जेमतेम ३००. मोल्डिंगची मर्यादा महिन्याला ६,५००. मालक म्हणतात वर्षभर सारखंच बनवा. अकाउंट्सवाले म्हणतात ऑर्डर येईल तसं बनवा, उगाच स्टॉक कशाला? विक्री आणि उत्पादनाचा मेळ घालणाऱ्या एसअँडओपीच्या मीटिंगमध्ये मला दोन्हींचा स्टॉक मांडून दाखवायचा आहे. सप्टेंबर संपत आलाय, गोडाऊनमध्ये हजारेक कूलर आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर: सुरुवात १ जूनपासून करा. एप्रिलपासून नको.

हे आधी सांगतोय, कारण बहुतेक ठिकाणी पहिली चूक इथेच होते. हिशेबाचं वर्ष एप्रिलपासून, म्हणून प्लॅनची शीटही एप्रिलपासून सुरू केली जाते. मग महिन्याला ४,००० चा सपाट दर टाकला की एप्रिललाच साठा उणे ८,००० दिसतो, मे अखेर उणे १४,०००. मीटिंगमध्ये सगळे म्हणतात, लेव्हल, म्हणजे वर्षभर सारखं बनवणं, आपल्याला जमणारच नाही. खरं तर प्लॅनमध्ये चूक काहीच नसते, फक्त वर्ष चुकीच्या जागी कापलेलं असतं. हंगामी मालाचं वर्ष त्या दिवशी सुरू होतं ज्या दिवशी गोडाऊन सर्वांत रिकामं असायला हवं. कूलरसाठी तो दिवस मे संपल्यानंतरचा. मृगाचा पाऊस आला की विदर्भातला डीलर कूलरचं नाव काढत नाही. जूनमध्ये थोडा माल जातो तो रेंगाळलेल्या उकाड्याचा. तिथून पुढची मागणी ही पुढच्या हंगामाची.

तुम्ही तीन आकडे दिलेत, मधले महिने मी आपल्या भागातल्या नेहमीच्या चढउतारावरून भरले आहेत. तुमचे आकडे टाकलेत की शीट तीच राहील. एक काळजी घ्या: मागणी म्हणजे डीलरने ज्या महिन्यात मागितलं तो महिना धरा, तुम्ही ज्या महिन्यात पाठवलं तो नव्हे. मागच्या वर्षीचे डिस्पॅचचे आकडे उचलले, तर मागच्या वर्षी तुमच्याकडे जो माल नव्हता ती मागणी हिशेबातच येत नाही आणि एप्रिलचा डोंगर कागदावर बुटका होतो.

साठ्याचं गणित एका ओळीचं आहे: मागच्या महिन्याचा उरलेला साठा, अधिक या महिन्याचं उत्पादन, वजा या महिन्याची मागणी. खालच्या तक्त्यात सगळे आकडे महिनाअखेरच्या तयार कूलरचे आहेत आणि तिन्ही प्लॅन १ जूनला शून्यापासून सुरू होतात: लेव्हल, मागणीमागे धावणारा चेस आणि माझी दोन टप्प्यांची मधली वाट. सेफ्टी स्टॉक मी मुद्दाम घेतलेला नाही. तो तिन्हींवर सारखाच चढेल आणि फरक पाहायला अडथळा करेल.

| महिना | मागणी | लेव्हल | महिनाभर उशिराचा चेस | दोन टप्पे |
|---|---|---|---|---|
| जून | ३,००० | १,००० | ७,००० | ० |
| जुलै | ३०० | ४,७०० | ९,७०० | १,५०० |
| ऑगस्ट | ३०० | ८,४०० | ९,७०० | ३,००० |
| सप्टेंबर | ४०० | १२,००० | ९,६०० | ४,४०० |
| ऑक्टोबर | ८०० | १५,२०० | ९,२०० | ५,४०० |
| नोव्हेंबर | ६०० | १८,६०० | ९,४०० | ६,६०० |
| डिसेंबर | १,२०० | २१,४०० | ८,८०० | ११,४०० |
| जानेवारी | ३,००० | २२,४०० | ७,००० | १४,४०० |
| फेब्रुवारी | ६,४०० | २०,००० | ३,६०० | १४,००० |
| मार्च | १०,००० | १४,००० | ० | १०,००० |
| एप्रिल | १२,००० | ६,००० | उणे २,००० | ४,००० |
| मे | १०,००० | ० | ० | ० |

आधी लेव्हलचा रकाना बघू. महिन्याला ४,००० कूलर, बारा महिने, माणसं तीच, मशीन त्याच चालीने. जूनपासून साठा चढत जातो आणि जानेवारी अखेर २२,४०० वर जाऊन थांबतो. फेब्रुवारीत मागणी पहिल्यांदाच ४,००० च्या वर जाते, म्हणून माथा नेमका तिथेच येतो. हे लक्षात ठेवा: लेव्हलमध्ये साठ्याचा माथा विक्रीच्या माथ्याच्या महिन्यात कधीच नसतो. मागणी जिथे सरासरीला ओलांडते, त्याच्या आधल्या महिन्यात असतो. मालकांना वाटतं सगळ्यात जास्त जागा एप्रिलमध्ये लागेल. एप्रिलमध्ये गोडाऊन रिकामं होत असतं, जागा जानेवारीत लागते.

महिनाअखेरचे बाराही आकडे जोडले की १,४३,७०० येतात. याला मी कूलर-महिने म्हणतो: एक कूलर एक महिना पडून राहिला की एक. साठ्याची तुलना करायला हाच आकडा धरावा. नुसता माथा पाहिला तर दोन महिने टिकणारा ढीग आणि दहा महिने टिकणारा ढीग सारखाच दिसतो.

आता याची किंमत. समजा एका कूलरमध्ये तुमचे ४,००० रुपये अडकतात. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याला ४० रुपये. गोडाऊनभाडं ३० आणि विमा, उचल-ठेव, मोडतोड मिळून १०. एका कूलर-महिन्याला ८० रुपये झाले. १,४३,७०० गुणिले ८०, म्हणजे वर्षाला साधारण १ कोटी १५ लाख. हा आकडा मीटिंगमध्ये मालकांसमोर मांडायला कचरू नका. सपाट उत्पादन फुकट नाही, हे त्यांना एकदा दिसायला हवं.

पण ८० रुपयांतले ते ३० रुपये भाड्याचे आहेत, आणि भाडं सरासरी साठ्यावर लागत नाही, माथ्यावर लागतं. कूलरचा खोका मोठा आणि हलका. दोनावर एक ठेवले, चालायच्या वाटा धरल्या, तर नगामागे अडीच चौरस फूट सहज जातात. २२,४०० कूलरना ५६,००० चौरस फूट लागले. एवढी जागा कोणी फक्त जानेवारीपुरती देत नाही. करार अकरा महिन्यांचा होतो आणि जुलैत तुम्ही रिकाम्या फरशीचं भाडं भरता. म्हणून नगामागे दर लावून काढलेला हिशेब लेव्हलला नेहमी थोडा स्वस्त दाखवतो. भाडं वेगळं काढा, माथ्याच्या जागेवरून.

दुसरी गोष्ट बँकेची. जानेवारी अखेर २२,४०० कूलर म्हणजे ८ कोटी ९६ लाख रुपये पुठ्ठ्याच्या खोक्यांत. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं, त्यावर बँक मार्जिन कापून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे तुम्हाला उचलता येणारी रक्कम, काढते. मार्जिन २५ टक्के असेल तर यातले सव्वादोन कोटी तुमच्या स्वतःच्या खिशातले हवेत, आणि वेंडरचं जे देणं बाकी असेल ते आधीच वजा होतं. डिसेंबर-जानेवारीत डीलरकडून पैसे आलेले नसतात, पण पगार, ग्रॅन्यूल, मोटर चालूच असतात. मी पाहिलेले दोन लेव्हल प्लॅन गोडाऊन भरल्यामुळे नाही, डिसेंबरमध्ये लिमिट संपल्यामुळे मोडले. म्हणून अकाउंट्सवाल्यांचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांची भीती बरोबर आहे, फक्त त्यांनी सुचवलेला उपाय तपासायला हवा.

तो उपाय म्हणजे चेस. मागणी जेवढी तेवढंच उत्पादन. कागदावर तयार मालाचा साठा बाराही महिने शून्य, म्हणून तक्त्यात त्याला रकानाच दिलेला नाही. तुमच्याकडे एक माणूस महिन्याला ५० कूलर काढतो असं धरलं, तर जुलैत ६ माणसं, एप्रिलमध्ये २४०. वर्षभरात २३८ जण घ्यायचे आणि २३८ जण कमी करायचे. घेणं-शिकवणं आणि सोडताना देणं मिळून माणशी १४,००० धरले तरी ३३ लाख. एकीकडे १ कोटी १५ लाख, एकीकडे ३३ लाख. अकाउंट्सवाले हीच दोन आकड्यांची स्लाइड आणतील, आणि नीट पाहिलं नाही तर मीटिंग तिथेच संपेल.

ती तिथे संपू देऊ नका. कारण असा शून्य साठ्याचा चेस मी बावीस वर्षांत एकाही कारखान्यात पाहिलेला नाही. चेसमध्येही साठा असतो, फक्त तो प्लॅनच्या शीटवर दिसत नाही. तो तीन ठिकाणी लपतो.

पहिली जागा कच्च्या मालाची. एप्रिलमध्ये १२,००० कूलर बनवायचे तर मार्च अखेर जवळपास १२,००० मोटर, १२,००० पंप, तेवढे हनीकोंब पॅड, तेवढं ग्रॅन्यूल दारात हवं. एका कूलरचं सामान २,६०० रुपयांचं धरा. महिनाभराचं सामान आधी ठेवायचं तर तीन कोटींच्या थोडं वर झाले. लेव्हलमध्ये महिन्याला ४,००० चंच सामान लागतं, म्हणजे एक कोटीच्या थोडं वर. तयार मालाच्या गोडाऊनमध्ये वाचलेले काही पैसे स्टोअरमध्ये जाऊन बसले. स्टोअरचा आकडा मात्र त्या स्लाइडवर कधी नसतो.

दुसरी जागा वेंडरच्या शेडमध्ये. तुम्ही जुलैत ३०० मोटर घेता आणि एप्रिलमध्ये १२,०००, तर मोटरवाला काय करेल? तो वर्षभर सारख्या बनवून ठेवेल आणि त्याचं व्याज दरात लावेल, नाहीतर मार्चमध्ये जो त्याला आधी पैसे देईल त्याच्याकडे माल पाठवेल. तुमच्या मोल्डिंगचीही हीच गोष्ट. ६,५०० च्या मर्यादेवर एप्रिलमध्ये ५,५०० आणि मार्च-मे मध्ये ३,५००-३,५०० बॉडी बाहेरून काढाव्या लागतील, म्हणजे हंगामात १२,५००. तुमचा डाय उचलून दुसऱ्याच्या मशीनवर चढवायचा, तोही त्या महिन्यांत, जेव्हा त्या आकाराची मशीन असलेल्या प्रत्येकाकडे कूलरचंच काम असतं. नगामागे दीडशे रुपये जास्त देऊन मिळालं तर नशीब. दुसरी मशीन आणि डायची दुसरी जोडी घ्या म्हटलं, तर ती नऊ महिने झाकून ठेवावी लागेल.

तिसरी जागा सर्वांत महाग आहे, आणि मी मुख्यतः तिच्यासाठी एवढं लिहायला बसलो. ती म्हणजे उशीर.

चेस मागणीच्या मागे धावतो, बरोबरीने नाही. डीलरची ऑर्डर महिनाभरात गोळा होते, महिनाअखेर मीटिंगमध्ये कळते, मग मोटरची ऑर्डर जाते, माणसं येतात. सगळं अगदी सुरळीत झालं तरी तुम्ही या महिन्यात जे बनवता ती मागच्या महिन्याची मागणी असते. आता तक्त्यातला चौथा रकाना पाहा. त्यात प्रत्येक महिन्याचं उत्पादन म्हणजे फक्त आदल्या महिन्याची मागणी, दुसरं काही बदललेलं नाही. जूनमध्ये बाहेर पाऊस पडतोय आणि आत मे महिन्याच्या मागणीचे १०,००० कूलर लाइनवरून उतरताहेत. विकले जातात ३,०००. ७,००० उरले. जुलैत आणखी भर पडून ९,७००. हा माल दिवाळी, संक्रांत पाहून फेब्रुवारीत हलायला लागतो, आणि एप्रिलमध्ये, जेव्हा डीलरचा फोन थांबत नाही, तेव्हा तुम्ही २,००० ने कमी पडता.

कूलर-महिने जोडा: ७४,०००. लेव्हलच्या अर्ध्याहून थोडे जास्त. म्हणजे ज्या पद्धतीत साठाच नसतो असं सांगितलं जातं, तिच्यात फक्त एक महिना उशीर झाला की लेव्हलच्या निम्मा साठा उभा राहतो, आणि वर तुटवडाही येतो. पैशांत मांडा: साठ्याचे ५९ लाख, माणसांचे ३३ लाख, बाहेरच्या मोल्डिंगचे १९ लाख. आणि कमी पडलेल्या २,००० कूलरसाठी डीलर मेपर्यंत थांबणार नाहीत, शेजारच्या कंपनीचा माल उचलतील. नगाला ९०० रुपये सुटत असतील तर ते १८ लाख. बेरीज १ कोटी २९ लाख. लेव्हलपेक्षा महाग.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका कारखान्यात आम्ही असाच चेस चालवला होता. एप्रिलमध्ये प्लॅन वाढवला, मोटर मेच्या तिसऱ्या आठवड्यात आल्या, आणि आलेल्या मोटर परत कशा करणार म्हणून जूनभर कूलर बनवत राहिलो. सप्टेंबरमध्ये गोडाऊनच्या मागच्या भिंतीलगतच्या थप्प्या मोजायला गेलो. सर्वांत खालच्या खोक्यावर अंगठा दाबला तर पुठ्ठा आत गेला, ओल्या पापडासारखा. चार महिन्यांच्या दमटपणाने खोका बसला होता, वरचे दोन कूलर तिरपे झाले होते. पॅडच्या एका कोपऱ्याला उंदरांनी घर केलं होतं. त्या थप्पीतले खोके सगळे बदलावे लागले. लेव्हलच्या साठ्यालाही पावसाळा चुकत नाही, पण तिथे साठा येणार हे जूनमध्येच माहीत असतं. पॅलेट टाकलेले असतात, भिंतीपासून फूटभर जागा सोडलेली असते, जास्त जाडीचा खोका मागवलेला असतो. चुकून उरलेल्या मालासाठी यातलं काहीच केलेलं नसतं.

दोन्ही पद्धतींचा साठा नुसत्या आकड्यांनी तोलू नये असं मी म्हणतो ते यासाठीच. लेव्हलचा साठा हंगामाच्या आधी उभा राहतो आणि मे अखेर संपायचा असतो. चुकलेल्या चेसचा साठा हंगाम संपल्यावर उभा राहतो आणि पुढच्या हंगामापर्यंत त्याला गिऱ्हाईक नसतं. पहिल्यावर फक्त व्याज जातं. दुसऱ्यावर व्याज जातं, शिवाय मॉडेल जुनं होतं आणि शेवटी सूट द्यावी लागते.

यावर कोणी म्हणेल, मग ऑर्डरमागे धावू नका, अंदाजावर चेस करा, उशीर राहणार नाही. बरोबर. पण मग तुम्ही डिसेंबरमध्ये बसून एप्रिलचा अंदाज करताय आणि त्यावर मोटर मागवताय. म्हणजे जी जोखीम लेव्हलमध्ये होती तीच इथे आली, फक्त तयार कूलरऐवजी मोटरच्या रूपात. ती थोडी बरी, कारण मोटर कुठल्या मॉडेलमध्ये घालायची हे नंतर ठरवता येतं.

इथे लेव्हलचं खरं दुखणं सांगतो. ते व्याज नाही, मॉडेल आहे. एसअँडओपीत आपण ४८,००० कूलर असं एका आकड्यात बोलतो. लाइनवर मात्र ऑगस्टमध्ये ठरवावं लागतं की आज कुठलं मॉडेल. एकूण साठा प्लॅनशी तंतोतंत जुळतो आणि तरीही मार्चमध्ये सेल्सवाले ओरडतात की माल नाही, असं झालं की समजा मिश्रण चुकलं. ओळखायची खूण सोपी आहे: एकूण साठा प्लॅनइतका किंवा जास्त, पण अर्धवट गेलेल्या ऑर्डरही वाढताहेत. हे दोन्ही एकाच वेळी दिसलं तर उत्पादन वाढवून काही होणार नाही. उपाय आधीच करावा लागतो. जी दोन-तीन मॉडेल सलग काही वर्षं न बदलता चालली आहेत, तीच जून ते डिसेंबर बनवा. ज्याचा रंग, ग्रिल किंवा मोटर बदलण्याची चर्चा आहे, त्याला जानेवारीआधी हात लावू नका. तुमची अडचण मोल्डिंगची आहे, तर पावसाळ्यात टाक्या आणि तळाच्या ट्रे मारून ठेवा, त्या बहुधा अनेक मॉडेलना चालतात. एकात एक बसणारा भाग असेल तर जागाही कमी लागते आणि अडकलेले पैसे पूर्ण कूलरपेक्षा पुष्कळ कमी.

आता शेवटचा रकाना, जो मी तुमच्या जागी असतो तर मांडला असता. जूनमध्ये ३,०००, जुलै ते नोव्हेंबर महिन्याला १,८००, डिसेंबर ते मे महिन्याला ६,०००. मोल्डिंगच्या ६,५०० च्या आत. माणसं पावसाळ्यात ३६, हंगामात १२०. म्हणजे वर्षातून एकदाच ८४ जण घ्यायचे, आणि ते डिसेंबरमध्ये, घाई सुरू होण्याच्या दोन महिने आधी. नवा माणूस पॅडची चौकट बसवायला शिकेपर्यंत जी मोडतोड होते, ती डिसेंबरमध्ये झालेली परवडते. मार्चमध्ये घेतलेला माणूस एप्रिलमध्ये शिकत असतो.

याचे कूलर-महिने ७४,७००. उशिराच्या चेसचे ७४,००० होते. साठा जवळपास तेवढाच, पण हा सगळा हंगामाआधीचा, आणि एप्रिलमध्ये एकही नग कमी पडत नाही. साठ्याचे ६० लाख, माणसांचे १२ लाख, मिळून ७२ लाख. माथा १४,४०० चा, म्हणजे ३६,००० चौरस फूट आणि पावणेसहा कोटी. मीटिंगमध्ये हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवा. मालक आणि अकाउंट्सवाले, दोघांनाही बोलायला काही तरी मिळेल.

या मधल्या वाटेचा आणखी एक फायदा आहे, तो तक्त्यात दिसत नाही. मार्च अखेर तुमच्यापुढे एप्रिल-मेचे २२,००० कूलर विकायचे असतात. लेव्हलमध्ये त्यातले १४,००० बनलेले असतात, ८,००० बनायचे असतात. दोन टप्प्यांत १०,००० बनलेले आणि १२,००० बनायचे. आता एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला, गारपीट झाली, मागणी २० टक्क्यांनी घसरली, म्हणजे ४,४०० कमी. एप्रिलच्या मध्याला कळलं, तर लेव्हलमध्ये मेचं सगळं उत्पादन थांबवावं लागतं, तरी काही शे कूलर उरतात. दोन टप्प्यांत मे महिना ६,००० वरून १,६०० वर आणला की १ जूनला गोडाऊन रिकामं. आणि उलट उन्हाळा कडक निघाला तर ६,५०० पर्यंत ताणता येतं, रविवारी लाइन चालवून आणखी थोडं. त्या ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी द्यावी लागते, तरीही एप्रिलमधल्या एका रिकाम्या हाताने परतलेल्या डीलरपेक्षा ती स्वस्त पडते.

प्लॅन सुरू झाल्यावर बघायचं एकच: महिनाअखेरचा प्रत्यक्ष साठा आणि तक्त्यातला साठा यांतला फरक. ऑक्टोबरमध्ये ५,४०० असायला हवेत आणि ७,००० आहेत, तर विक्री कमी झाली की उत्पादन जास्त झालं हे त्याच आठवड्यात शोधा. पण हंगाम कसा जाईल याबद्दल नोव्हेंबरपर्यंतचा फरक फारसा बोलका नसतो, कारण मागणीच थोडी असते. जानेवारी-फेब्रुवारीचा फरक मात्र गंभीर. फेब्रुवारी अखेर १४,००० ऐवजी १७,००० असतील तर डीलर माल भरत नाहीयेत, आणि मार्चचा दर तेव्हाच कमी करायचा, एप्रिलची वाट पाहायची नाही. एक सावधगिरी: डीलरच्या दुकानात किती पडून आहे तेही फोन करून विचारा. फेब्रुवारीत स्कीम लावून माल ढकलला की तुमचं गोडाऊन रिकामं दिसतं, पण साठा फक्त डीलरच्या माळ्यावर गेलेला असतो आणि मेमध्ये ऑर्डर एकदम आटतात.

राहिला तुमचा या वर्षीचा प्रश्न. जूनपासूनचे चार महिने गेले, त्यामुळे तक्ता जसाच्या तसा लागू होणार नाही. ऑक्टोबर ते मेची मागणी ४४,०००, हातात १,०००, बनवायचे ४३,०००. आठ महिन्यांत सारखे वाटले तर महिन्याला ५,३७५. मी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४,०००-४,००० काढले असते आणि डिसेंबर ते मे साधारण ५,८५०. जानेवारी अखेर माथा १५,००० च्या आसपास येईल, तेवढ्याच गोडाऊनचं आजच बोलून ठेवा.

आणि अकाउंट्सवाले म्हणाले की ऑर्डर दिसेपर्यंत थांबू, तर त्यांना हे दोन आकडे दाखवा. ऑक्टोबर महिना नुसत्या ऑर्डरपुरता चालवला, तर नोव्हेंबरपासून महिन्याला ६,०३० लागतात, कसेबसे जमतात. नोव्हेंबरही तसाच घालवला, तर डिसेंबरपासून ६,९३५ लागतात. तुमची मोल्डिंग ६,५०० ची आहे.